पॅनलवर पॉवर फॅक्टर ०.९९ आणि बिलात ०.८८, असं का होतं? आणि डिमांड कसा उतरवायचा?

प्रश्न: आमचा कॉन्ट्रॅक्ट डिमांड ५०० केव्हीए आहे. गेले चार महिने बिलात ५४० च्या आसपास डिमांड येतोय, जास्तीच्या डिमांडचा दंड लागतोय, वर पॉवर फॅक्टर ०.८८ म्हणून त्याची पेनल्टी वेगळी. कपॅसिटर आपोआप चालू-बंद करणारं एपीएफसी पॅनल आहे आणि त्यावर कायम ०.९९ दिसतं. कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवून घेऊ का अजून कपॅसिटर बसवू?

उत्तर:

आत्ता दोन्ही करू नका. कॉन्ट्रॅक्ट डिमांड वाढवला की फिक्स्ड चार्ज दर महिन्याला वाढीव भरायचा, मग मशीन चालो न चालो. आणि कपॅसिटर वाढवून उपयोग होईल की नाही हे अजून माहीतच नाही, कारण जे आहेत ते काय करतायत तेच कळलेलं नाही. पॅनल ०.९९ म्हणतंय आणि मीटर ०.८८ म्हणतंय, तर दोघांपैकी एक जण पूर्ण लोड बघत नाहीये, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा पॅनलच निघतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, मग पुढचं सगळं सोपं जाईल. तुमचा डिमांड केव्हीएमध्ये मोजला जातो, किलोवॅटमध्ये नाही. म्हणजे

```
kVA = kW / PF
```

म्हणून खराब पॉवर फॅक्टरचा मार दोनदा बसतो, एकदा पेनल्टीच्या ओळीत आणि एकदा डिमांडच्या ओळीत. लोक या दोन ओळी दोन वेगळे आजार समजून दोन वेगळ्या माणसांना बोलावतात, एक जण कपॅसिटर विकून जातो आणि दुसरा डिमांड कंट्रोलर. तुमच्याकडे मुळात आजार एकच असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरं म्हणजे मॅक्सिमम डिमांड हा क्षणाचा झटका नसतो. मीटर १५ किंवा ३० मिनिटांची सरासरी काढत जातो आणि महिन्याभरातली सगळ्यात मोठी सरासरी तेवढी बिलात येते. त्यामुळे "मोठी मोटर सुरू करताना करंट सहापट जातो म्हणून डिमांड वाढतो" हे जे सगळीकडे ऐकू येतं ते जवळजवळ चूक आहे. ९० केव्हीएची मोटर १० सेकंद सहापट करंट घेते असं धरा, म्हणजे जास्तीचे ४५० केव्हीए पण फक्त १० सेकंद, आणि हे १५ मिनिटांच्या ९०० सेकंदांवर पसरलं की सरासरीत जेमतेम ५ केव्हीए वाढतात. म्हणून मोटरी एकामागून एक दहा-दहा सेकंदांनी सुरू करून डिमांड उतरत नाही. त्याने व्होल्टेज कमी बसतं, ट्रिपिंग टळतं, ते करायचं तर जरूर करा, पण बिलात फरक दिसायची वाट बघू नका. बिल ठरतं ते दहा-पंधरा मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ एकत्र चालणाऱ्या लोडवर.

आता तुम्ही पहिलं काम हे करा की वीज कंपनीकडून मीटरचा लोड सर्व्हे डेटा मागा. मीटरमध्ये प्रत्येक १५ किंवा ३० मिनिटांच्या ब्लॉकचं किलोवॅट आणि केव्हीए साठवलेलं असतं, ते डाउनलोड करून मिळतं. नाहीच मिळालं तर मेन इनकमरवर आठवडाभर एक लॉगर लावा, फक्त त्याचं घड्याळ मीटरच्या घड्याळाशी जुळवा आणि ब्लॉकही मीटरइतकाच ठेवा, नाहीतर तुमचा ८:०० ते ८:३० आणि मीटरचा ८:०० ते ८:३० वेगवेगळा निघतो आणि आकडे कधीच जुळत नाहीत. हा डेटा एक्सेलमध्ये टाकून केव्हीएप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावा. अर्ध्या तासाचे ब्लॉक असतील तर ३० दिवसांच्या महिन्यात १,४४० ओळी होतात, पण तुम्हाला बघायच्यात फक्त वरच्या पन्नास.

मी केलेलं एक काम सांगतो, ते तुमच्याशी बरंच जुळतंय. हीट ट्रीटमेंट आणि प्रेस शॉप असलेला कारखाना, कॉन्ट्रॅक्ट डिमांड ५००, ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीए, मीटरिंग एचटी बाजूला. बिलात डिमांड ५४० आणि महिन्याचा पॉवर फॅक्टर ०.८८. मालकांनी डिमांड ६०० करायचा अर्ज भरून ठेवलेला होता, फक्त सही बाकी होती. डेटा काढला तर ५०० च्या वर गेलेले ब्लॉक होते फक्त १९, आणि ते सगळेच्या सगळे सकाळी ८ ते ९:३० मधले. बाकी दिवसभर लोड ४७० च्या खालीच. म्हणजे महिन्यातल्या साडेनऊ तासांसाठी वर्षभराचा फिक्स्ड चार्ज वाढवून घ्यायला निघाले होते.

त्या वरच्या ओळीत अजून एक गोष्ट दिसली, आणि ती तुम्हीही सगळ्यात आधी बघा, की त्या ब्लॉकचा स्वतःचा पॉवर फॅक्टर किती होता. महिन्याची सरासरी बघून चालत नाही. ५४० केव्हीएच्या ओळीत किलोवॅट होते ४६४, म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८६. तोच ०.९८ असता तर ४६४ भागिले ०.९८, म्हणजे ४७३ केव्हीए. एकही मशीन बंद न करता ६७ केव्हीए कमी. उलट तुमच्या त्या ब्लॉकचा पॉवर फॅक्टर आधीच ०.९८ निघाला तर मात्र कपॅसिटरने डिमांडमध्ये काहीही मिळणार नाही, तिथे मग लोडच हलवावा लागतो. म्हणून हा एक आकडा कळल्याशिवाय एक पैसा खर्च करू नका.

किती केव्हीएआर, म्हणजे कपॅसिटरने भरून द्यायची रिअॅक्टिव्ह पॉवर, कमी पडतायत त्याचा हिशोब असा:

```
kVAr = kW x (tan φ1 - tan φ2)
464 x (0.593 - 0.203) = 181
```

यात ०.५९३ हा ०.८६ पॉवर फॅक्टरच्या कोनाचा टॅन आणि ०.२०३ हा ०.९८ च्या कोनाचा. तर १८० च्या आसपास हवेत. आता गंमत बघा, त्यांच्याकडे २५० केव्हीएआरचं पॅनल होतंच, आणि कंट्रोलर ०.९९ दाखवत निवांत बसलेला, त्याच्या निम्म्या स्टेप बंद.

कारण सापडलं केबल ट्रेंचमध्ये. तीन वर्षांपूर्वी नवीन शेड झाली तेव्हा तिचा फीडर मेन बसबारवरून काढला होता, आणि एपीएफसीचा सीटी, म्हणजे कंट्रोलरला करंट दाखवणारा करंट ट्रान्सफॉर्मर, होता जुन्या शेडच्या फीडरवर. म्हणजे कंट्रोलरला नवीन शेड दिसतच नव्हती. त्याच्यापुरतं तो खरं बोलत होता, जुन्या शेडचा पॉवर फॅक्टर खरंच ०.९९ होता. नवीन शेडमध्ये मोठ्या मोटरी हलक्या लोडवर चालणाऱ्या प्रेस आणि वेल्डिंग सेट, तिथला पॉवर फॅक्टर ०.६२. मोटर पूर्ण लोडवर कितीही चांगली असली तरी पाव-अर्ध्या लोडवर तिचा पॉवर फॅक्टर कोसळतो, कारण मॅग्नेटायझिंग करंट तेवढाच राहतो आणि कामाचा करंट तेवढा कमी होतो.

तुमच्याकडे असंच आहे का ते तपासायला पाच मिनिटं पुरतात. कारखाना पूर्ण लोडवर असताना मेन इनकमरच्या एका फेजला टाँग टेस्टर लावून उभं राहा आणि दुसऱ्या माणसाला कंट्रोलर मॅन्युअलवर घेऊन मोठी एक स्टेप चालू करायला सांगा. ५० केव्हीएआरची स्टेप आत गेली की अशा लोडवर मेनचा करंट पंचवीस-तीस अँपिअरनी कमी झाला पाहिजे, आमच्याकडे ७३० वरून साधारण ७०५ वर आला होता. लोड सारखा हलत असेल तर स्टेप दोन-तीनदा आत-बाहेर करून बघा, पण बंद केल्यावर परत चालू करायच्या आधी निदान एक मिनिट थांबा, कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला वेळ लागतो. करंट जराही हलला नाही तर कपॅसिटर मेलेला आहे नाहीतर कॉन्टॅक्टर किंवा फ्यूज गेलाय. करंट कमी झाला पण कंट्रोलर लगेच "लीडिंग", म्हणजे कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त झाले, असं ओरडायला लागला, तर त्याचा सीटी चुकीच्या जागी किंवा चुकीच्या फेजवर आहे. आणि स्टेप आत गेल्यावर करंट उलट वाढलाच तर तुम्ही आधीच लीडिंगमध्ये आहात. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि पॅनल बंद केलं तरी कपॅसिटरच्या टर्मिनलला व्होल्टेज मोजल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका.

सीटीची जागा म्हणजे मेन इनकमर, जिथून सगळा लोड आणि कपॅसिटरचा करंट दोन्ही जातात, सगळ्या फीडरच्या आधी. तिथे करंट मोठा असल्यामुळे सीटी बदलावा लागतो, आमच्याकडे ६०० बाय ५ चा काढून १००० बाय ५ चा टाकला. तो बदलला की कंट्रोलरमधलं सीटी रेशोचं सेटिंग आठवणीने बदला. हे विसरलं की कंट्रोलरला करंट खोटा दिसतो, तो स्टेप घालतो-काढतो-घालतो असं करत बसतो आणि वर्षभरात कॉन्टॅक्टर खाऊन टाकतो.

त्यानंतर आम्ही एकेक कपॅसिटर मोजला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण कपॅसिटर एकदम मरत नाही, तो हळूहळू झिजतो आणि बाहेरून तसाच दिसतो, दिवासुद्धा लागलेला असतो. ४४० व्होल्टवर २५ केव्हीएआरचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजला ३१ अँपिअरच्या आसपास घेतला पाहिजे. आमच्या एका युनिटला तिन्ही फेजवर मोजले तर १७, १६ आणि ९. म्हणजे निम्म्याहून जास्त गेलेला. आणि यात अजून एक गोम असते, कपॅसिटरचं आउटपुट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतं. ४४० व्होल्टवर २५० लिहिलेलं पॅनल ४१५ व्होल्टवर सगळे कपॅसिटर कोरे असले तरी २२२ च देतं. ५२५ व्होल्टचा कपॅसिटर नुसता ४१५ वर लावला तर लिहिलेल्याच्या साठ-बासष्ट टक्केच मिळतो. म्हणून कोटेशन घेताना "प्रत्यक्ष सिस्टिम व्होल्टेजवर किती केव्हीएआर" हे लिहून घ्या.

मोजताना उलटाही प्रकार दिसू शकतो. ३१ च्या जागी ४०-४२ अँपिअर दिसले तर आनंद मानू नका, तो हार्मोनिकचा करंट आहे आणि तो कपॅसिटर लवकरच फुगणार. (टाँग टेस्टर ट्रू आरएमएस हवा, साधा असेल तर इथे फसवतो.) ड्राइव्ह, इंडक्शन हीटर, यूपीएस जास्त असतील तिथे हे होतं. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर मिळून एका ठराविक फ्रिक्वेन्सीला रेझोनन्स होतो, आणि ती कुठे पडते त्याचा अंदाज ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट सर्किट केव्हीएला कपॅसिटरच्या केव्हीएआरने भागून वर्गमूळ काढलं की येतो. ६३० केव्हीए आणि ५ टक्के इम्पिडन्स म्हणजे १२,६०० केव्हीए, त्याला २५० ने भागून वर्गमूळ ७.१. म्हणजे बरोबर सातव्या हार्मोनिकवर, आणि ड्राइव्ह नेमके पाचवा आणि सातवाच फेकतात. स्टेप कमी-जास्त होतात तसा हा आकडा सरकत राहतो, त्यामुळे नशिबावर सोडण्यात अर्थ नाही. ड्राइव्हचा लोड बराच असेल तर ७ टक्क्यांचे डीट्यून्ड रिअॅक्टर घेऊनच कपॅसिटर लावा. आणि हेही लक्षात घ्या की हार्मोनिकमुळे पडलेला पॉवर फॅक्टर कपॅसिटरने भरून निघत नाही, त्याला फिल्टर लागतो.

तर त्या कारखान्यात सीटी हलवला, झिजलेले युनिट बदलले, आणि नवीन शेडमध्ये तिच्याच डीबीजवळ १०० केव्हीएआरचं छोटं स्टेपचं पॅनल रिअॅक्टरसह बसवलं. तिथेच का, तर लोडजवळ कपॅसिटर बसवला की तिथपासून मेनपर्यंतच्या केबलमधला करंटही कमी होतो, त्यांची ती केबल आधी हाताला गरम लागायची. पुढच्या महिन्यात तोच सकाळचा ब्लॉक ४७५ वर आला.

इतकं झाल्यावर मग लोड हलवायचा विषय घेतला, आधी नाही. सकाळी ८ ला काय होतं तर शिफ्ट सुरू, कॉम्प्रेसर रिकाम्या लाइनमध्ये हवा भरत फुल लोडवर, प्रेस चालू, आणि ६०-६० किलोवॅटचे दोन टेम्परिंग ओव्हन थंडगार अवस्थेतून एकत्र चालू. ओव्हन गरम व्हायला दीड तास पूर्ण ६० खातो आणि एकदा तापमान आलं की २५ वर टिकतो. त्यातल्या एकाला टायमर लावून ६:३० ला सुरू केलं, म्हणजे ८ ला तो तापून बसलेला असतो. ३५ किलोवॅट गेले, डिमांड ४४० च्या आत आला. खर्च एक टायमर आणि रिकामा ओव्हन रात्रपाळीच्या माणसाने बघून ठेवायची सूचना. ओव्हनचे सुपरवायझर आधी तयार नव्हते, माल बिघडेल म्हणाले, त्यांना आठ दिवस ओव्हनचा तापमानाचा ग्राफ दाखवला तेव्हा मानले, आणि त्यांचं तपासून घेणं बरोबरच होतं. प्रोसेस बिघडवून वाचवलेला डिमांड महागच पडतो.

तुमच्याकडे ओव्हन नसेल पण पाण्याचे पंप, चिलर, फोर्कलिफ्टचे चार्जर, बॅच मिक्सर यातलं काहीतरी असेल ज्याला अर्धा-एक तास इकडेतिकडे झालेलं चालतं. वरचे पन्नास ब्लॉक ज्या वेळेला पडतायत त्या वेळेला एक दिवस स्वतः शॉपवर उभे राहून काय काय चालू आहे ते लिहा, दुसरा कुठलाही मार्ग इतका कामाचा नाही. वेळ ठरलेली नसेल, डिमांड कधीही उसळत असेल, तरच डिमांड कंट्रोलरचा विचार करा. तो चालू ब्लॉकच्या मध्यातच अंदाज बांधतो की असंच चाललं तर सरासरी किती जाईल, आणि तुम्ही ठरवून दिलेला बिनमहत्त्वाचा लोड काही मिनिटं सोडतो. फक्त त्याचा ब्लॉक मीटरच्या ब्लॉकशी जुळलेला हवा, आणि सोडायला योग्य लोड तुमच्याकडे हवा, नाहीतर आठवड्याभरात कोणीतरी त्याला बायपास करून टाकतं.

एक वेळ मात्र लोक विसरतात, लाइट जाऊन परत आल्यानंतरची. चिलर गरम झालेला, ओव्हन गार झालेला, कॉम्प्रेसरची टाकी रिकामी, सगळे एकदमच फुल लोड मागतात आणि तो एक अर्धा तास पूर्ण महिन्याचा डिमांड ठरवून जातो. मेन पॅनलवर कागद चिकटवा की लाइट आल्यावर कोणती मशीन आधी आणि कोणती अर्ध्या तासाने.

आता पॅनल आणि मीटरमधल्या उरलेल्या फरकाबद्दल. सगळं नीट केलं तरी पॅनलवर ०.९९ आणि बिलात ०.९८ राहील, कारण मीटर एचटीला असेल तर ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे केव्हीएआर मीटरला दिसतात आणि एलटीवरच्या सीटीला दिसत नाहीत. ६३० चा ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना दहाएक आणि पाचशेच्या आसपास लोड असताना अजून अठरा-वीस खातो. तेवढ्यासाठी कंट्रोलरचं टार्गेट थोडं वर ठेवता येतं. पण म्हणून एखादा ५० चा कपॅसिटर कायम चालू ठेवायची चूक करू नका. सुट्टीच्या दिवशी लोड १२ किलोवॅट, ट्रान्सफॉर्मरला हवेत १०, आणि तुम्ही देताय ५०, म्हणजे ४० केव्हीएआर लीडिंग आणि पॉवर फॅक्टर ०.२९. तुमच्या टॅरिफमध्ये लीडिंगही मोजत असतील तर रात्री आणि रविवार मिळून महिन्याची सरासरी खाली ओढली जाते, आणि युनिट केव्हीएएचमध्ये लागत असतील तर १२ युनिटच्या जागी दर तासाला ४२ युनिट लागतात. तिथे कायमचा कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरच्या रिकाम्या गरजेइतकाच, १० चा. डेटामधल्या रात्रीच्या आणि सुट्टीच्या ओळी एकदा बघा, लगेच कळेल.

टॅरिफमध्ये केव्हीएएच बिलिंग असेल तर पेनल्टीची वेगळी ओळ नसते, म्हणून लोकांना वाटतं आपल्याला पॉवर फॅक्टर लागू नाही. तो युनिटमध्येच मिसळलेला असतो, ०.८८ वरून ०.९८ ला गेलात तर तेच काम १० टक्के कमी युनिटमध्ये होतं.

आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचं सगळ्यात शेवटी ठरवा. निदान तीन महिन्यांचे आकडे हातात येऊ द्या, त्यात तुमचा सगळ्यात जोराचा महिना असला पाहिजे. बऱ्याच टॅरिफमध्ये कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या ठराविक टक्क्यांखाली बिलिंग डिमांड उतरतच नाही, तुमच्या टॅरिफमध्ये ती टक्केवारी किती ते वाचा, कारण प्रत्यक्ष डिमांड त्याच्याही खाली गेला तर पुढची बचत कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी केल्याशिवाय मिळत नाही. पण कमी करताना घाई नको, परत वाढवताना अर्ज, मंजुरी, डिपॉझिट सगळं नव्याने येतं. त्या कारखान्याने ४४० वर आल्यावरही ५०० तसाच ठेवला, कारण सहा महिन्यांत एक नवीन प्रेस येणार होती, आणि ती आली तेव्हा अर्ज न करता त्याच ५०० मध्ये बसली.

लोड सर्व्हे हातात आला की वरच्या दहा ओळींची तारीख, वेळ, किलोवॅट आणि केव्हीए इथे टाका, आणि इनकमरवर स्टेप आत घेतल्यावर करंट किती हलला तेही लिहा. तेवढ्यावरून सीटीचा घोटाळा आहे का कपॅसिटर झिजलेत हे सांगता येईल.